भिंतीवरचे चिकट हुक आणि डबल साइड टेप काढताना: बारा दिवसांच्या कामाच्या नोंदी

भाड्याची खोली १८ मेला सोडायची आहे आणि भिंती घेतल्या तशा परत द्यायच्या आहेत. तीन वर्षांत मी जिथे तिथे चिकटवत गेले. मोठ्या भिंतीवर फोम टेपचे ७ हुक, पारदर्शक प्लास्टिकच्या चकतीचे ४ हुक, खाली शेपटी असलेल्या पट्टीचे २ हुक आणि फोम टेपच्या ६ तुकड्यांवर लावलेला एक हलका फळा. टेबलावर वायर अडकवायच्या ३ क्लिपा, लाकडी कपाटाच्या दारावर १ हुक आणि बाहेरच्या बोळकंडीत १ हुक. मोठ्या भिंतीला पुट्टीवर मॅट इमल्शन आहे, टेबल लॅमिनेटचं आहे आणि कपाट जुनं, पॉलिश केलेलं आहे. हेच काम ज्यांच्यापुढे असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून रोज रात्री लिहिते आहे.

६ मे

पहिला हुक हाताने ओढला. खालच्या बाजूने नख घातलं, पकड मिळाली आणि सरळ माझ्याकडे खेचला. हुक निघाला आणि त्याच्यामागे तळहाताएवढा रंगाचा पोपडा आला. हुक दोन बोटं रुंद होता, पोपडा त्याच्या चौपट.

पोपडा उलटा करून पाहिला तेव्हा चूक कळली. रंगाच्या मागच्या बाजूला पांढरी भुकटी होती. भिंतीवर उघड्या पडलेल्या जागी बोट फिरवलं तर खडूसारखं पांढरं बोटाला लागलं. गोंद रंगावरून सुटलेलाच नव्हता, रंगही गोंदापासून सुटला नव्हता. तुटलं होतं ते रंगाखालच्या पुट्टीत. बाहेर ओढलं की सगळे थर एकदम ताणले जातात आणि त्यांतला सगळ्यात कच्चा थर आधी तुटतो. माझ्या भिंतीत तो पुट्टीचा वरचा पापुद्रा आहे. त्यामुळे "गोंद किती घट्ट आहे" हा प्रश्न मी विचारत होते तोच चुकीचा होता. पुट्टी किती ओढ सहन करते, हे आधी बघायला हवं होतं.

काम तिथेच थांबवलं. हुक काढायला दहा सेकंद लागली, दुरुस्तीला किती लागतील ते पुढे लिहीन.

७ मे, सकाळ

आज काहीही न ओढता फक्त भिंती तपासल्या. तीन तपासण्या केल्या, मिळून अर्धा तास.

पहिली पाण्याची. ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात दहा वेळा घासलं. मोठ्या भिंतीचा रंग फडक्याला लागला नाही, म्हणजे इमल्शन. बोळकंडीतली भिंत दुसऱ्याच हाताला फडकं रंगीत करून गेली, ते डिस्टेंपर आहे. तिथे पाणी, साबण, काहीच ओलं चालणार नाही, म्हणून तो हुक शेवटी ठेवला.

दुसरी पकडीची. रंगकामात कडा झाकायला वापरतात ती कागदी टेप कपाटामागच्या जागी लावली, बोटाने दाबली आणि काढली. टेपच्या मागे कुठे पांढरं, कुठे रंगाचा कण दिसला तर तिथली भिंत फारच कच्ची समजायची. माझ्याकडे खिडकीखालच्या पट्ट्यात कण आले, बाकी ठिकाणी टेप स्वच्छ निघाली. खिडकीखाली ओल येऊन गेली असणार. तिथे चकतीचे दोन हुक आहेत, त्यांना सर्वांत जास्त वेळ द्यायचं ठरवलं.

तिसरी टकटक. हुकाच्या आजूबाजूला बोटाच्या पेराने ठोकलं. पोकळ आवाज येतो तिथे रंग आधीच सुटलेला असतो आणि कितीही जपलं तरी तो हुकाबरोबर येतो. माझ्याकडे अशी एकच जागा निघाली, फळ्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याजवळ.

७ मे, संध्याकाळ

शेजारच्या इमारतीत एक रंगारी काका राहतात, त्यांना पोपडा नेऊन दाखवला. त्यांनी बोटाने भुकटी चोळली आणि म्हणाले, "अगं, ही पुट्टी नीट मुरायच्या आत रंग मारलाय किंवा मधे प्रायमर नाही. असल्या भिंतीला बाहेरची ओढ द्यायचीच नाही. हुक आणि भिंत यांच्या मधला फोम आहे ना, तो काप. हुक सुटला की मग गोंदाचं बघ."

सगळं काम या एका सल्ल्यावर उभं राहिलं. फोम टेप म्हणजे मधे मऊ स्पंज आणि दोन्हीकडे गोंद. स्पंज कापायला भिंतीला ओढ द्यावीच लागत नाही.

दुसऱ्या हुकावर करून पाहिलं. हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, भिंतीपासून चार-पाच बोटं लांब, सतत हलता, साधारण ४५ सेकंद. मग दात साफ करायचा दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, हुकाच्या वरच्या कडेमागे सरकवला आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा डावी-उजवीकडे ओढत खाली आणला. दोरा फोममधूनच जायला हवा, म्हणजे भिंतीपासून फोमच्या जाडीच्या मध्यावर. फोम साधारण १ ते २ मिलिमीटर जाड असतो, जागा कमी असली तरी पुरते.

दोरा तीन वेळा तुटला. चौथ्यांदा गळाची नायलॉन दोरी घेतली, ती टिकली पण बोटं कापायला लागली. पेन्सिलीचे दोन तुकडे करून दोरीची टोकं त्यांना गुंडाळली, की झाली मुठीची करवत. अर्ध्या मिनिटात हुक हातात आला. रंग जागेवर, भिंतीवर फोमचा अर्धा थर.

इथे दुसरी चूक झाली. हुकाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर बारीक चरे पडले. करवत चालवताना माझे हात भिंतीकडे झुकत होते, त्यामुळे हुकाच्या कडेबाहेर दोरी रंगावर घासत होती. पुढच्या हुकापासून दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठ्याची पट्टी टेकवून धरली. दोरी पुठ्ठ्यावर घासते, रंगावर नाही. चिकटवायची नाही, नाहीतर तीच काढत बसावं लागेल. नुसती टेकवायची.

आज एकूण २ हुक. पुठ्ठ्याची युक्ती सापडल्यावर एका हुकाला ६-७ मिनिटं.

८ मे

उरलेले ४ फोम हुक सकाळी तासाभरात कापले. फळ्याला मात्र दोन माणसं लागली. दादाने फळा तळातून धरला, मी वरून दोरी आत घालून खाली आणली. फळा फक्त सावरायचा होता, पण दादाने मदत म्हणून तो थोडा पुढे झुकवला आणि त्याच वेळी पोकळ आवाजाच्या कोपऱ्यातून नखाएवढा रंग निघाला. तिथला रंग आज ना उद्या निघणारच होता, तरी "झुकवू नकोस, फक्त पडू देऊ नकोस" एवढं आधी सांगायला हवं होतं.

दुपारपासून उरलेला फोम आणि गोंद. या भागात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि शिकलेही इथेच.

मी आधी खरवडायला गेले. प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने फोम निघतो, पण त्याखालचा गोंद पातळ होऊन पसरतो आणि कार्डाची कड मॅट रंगावर चकाकणारे ओरखडे सोडते. मॅट रंगाचं हेच अवघड आहे. रंग निघाला नाही तरी घासलेली जागा गुळगुळीत होते आणि तिरक्या उजेडात तुकतुकीत डागासारखी दिसते. पांढरा जादूचा स्पंज म्हणून विकतात तोही याच कारणाने टाळला. तो मुळात अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो. कोपऱ्यात करून पाहिलं तर गोंदाआधी रंगाची मॅट छटा गेली.

मग अंगठ्याने वळायला लागले. जागा २० सेकंद गरम करायची, मग थांबायचं. गरम असताना गोंद तारेसारखा लांबतो आणि हाताला लागून भिंतीवर पसरतो. साधारण अर्धं मिनिट थांबून तो कोमट झाला की अंगठा कडेवर ठेवून आतल्या दिशेला हळू ढकलायचा. गोंद सुटून स्वतःभोवती गुंडाळतो आणि त्याची वळी होते. ती वळी फेकायची नाही. गोंदाला सगळ्यात घट्ट धरतो तो गोंदच, म्हणून त्याच वळीने बाजूचा गोंद टिपत जायचं. वळी मोठी होत जाते आणि भिंत स्वच्छ. दिशा नेहमी बाहेरून आत, नाहीतर दोन बोटांचा डाग चार बोटांचा होतो.

एका जागी घाईने दीड मिनिट गरम केलं. अंगठा लावल्यावर गोंदाबरोबर रंगही मऊ लागला आणि माझ्या बोटाचा ठसा रंगात उमटला. इमल्शनमधला बांधणारा पदार्थ प्लास्टिकच्या जातीचा असतो, तोही उष्णतेने नरम पडतो. तेव्हापासून एक सोपी खूण ठेवली: गरम केलेल्या जागी हाताची मागची बाजू पाच सेकंद सहज टेकवता यायला हवी. टेकवता येत नसेल तर रंगासाठीही ते जास्तच आहे. रंग काढायची जी हीट गन मिळते तिचं नावही काढायला नको, तिचं कामच रंग सुटा करणं आहे.

दिवसभरात ६ हुकांच्या आणि फळ्याच्या जागा. साडेचार तास. अंगठे दुखतात.

९ मे

आज नुकसान झालं ते ऐकीव सल्ल्यामुळे. दोन जागी गोंदाचा पातळ, पिवळसर थर राहिला होता, जो वळतच नव्हता. तेल लावून ठेव, गोंद फुगून निघतो, असं एका मैत्रिणीने सांगितलं. तेलाचा बोळा वीस मिनिटं लावून ठेवला. गोंद खरंच निघाला. पण मागे हाताच्या पंजाएवढा गडद डाग राहिला. मॅट रंग सच्छिद्र असतो, तेल त्यातून आत पुट्टीपर्यंत जातं. कोमट साबणाच्या पाण्याने तीनदा पुसलं, टिपकागद दाबून ठेवला, वरून ड्रायर फिरवला. डाग फिकट झाला, गेला नाही. काच, धातू, लॅमिनेट यांवर तेल चालेल. मॅट भिंतीवर नको. यावर साधा रंग मारला तरी तो धरत नाही किंवा डाग वर येतो, असं काका म्हणाले. डाग अडवणारा तेलकट जातीचा प्रायमर आधी मारावा लागेल.

दुसऱ्या जागेसाठी आधी कोपऱ्यात चाचणी केली. कापसाच्या काडीवर स्पिरिट, म्हणजे जखमेला लावतात ते, घेऊन अर्धं मिनिट हलकं फिरवलं. काडी रंगीत झाली आणि भिंत बोटाला चिकट लागली. इमल्शनला स्पिरिट नरम करतं, म्हणजे भिंतीसाठी ते बाद. नेलपॉलिश काढायचं द्रव्य लावून पाहिलंच नाही, ते याहून तीव्र. मग मिनरल टर्पेंटाइन. काडी पांढरीच राहिली, भिंत कोरडी लागली. फडक्याच्या टोकावर थेंबभर घेऊन, न भिजवता, पिवळ्या गोंदावर दाबून ठेवलं. दोन मिनिटांत गोंद दह्यासारखा मऊ झाला आणि बोटाने वळता आला. शेवटी पातळ साबणाच्या फडक्याने आणि मग नुसत्या ओल्या फडक्याने टिपलं. डाग नाही. तुमच्या भिंतीवर आधी कोपऱ्यात बघाच, कारण रंगारंगात फरक असतो.

टर्पेंटाइनचं एक गंभीरपणे सांगते. ते पेट घेतं. लावल्यावर त्या जागेवर ड्रायर फिरवायचा नाही. म्हणून प्रत्येक जागी उष्णतेचं सगळं काम आधी आणि टर्पेंटाइन शेवटी, असा क्रम ठेवला. खिडक्या उघड्या, आणि वापरलेली फडकी गोळा करून डब्यात न टाकता बाहेर मोकळी पसरून वाळवली.

१० मे

पारदर्शक चकतीचे ४ हुक. हे फोम हुकांपेक्षा कितीतरी कठीण, कारण मधे कापायला काही नाहीच. पातळ प्लास्टिकची चकती आणि तिच्यामागे पातळ गोंद, थेट रंगावर. दोरी घुसायला फट नसते.

पहिला हुक: दीड मिनिट गरम केला, हाताची खूण सांभाळत दर वीस सेकंदांनी थांबून. एका कोपऱ्यात प्लास्टिकचं कार्ड घातलं, तीन-चार मिलिमीटर फट झाली. इथे वाटलं की आता सुटला, आणि मी पुढचं भरभर ओढलं. चकतीबरोबर चण्याएवढा रंग आला.

दुसऱ्याला वेग बदलला, बाकी सगळं तेच. चकतीचा सुटलेला कोपरा भिंतीकडेच दुमडला, म्हणजे स्वतःवर उलटा, आणि भिंतीला घासून जाईल इतका जवळ धरून हळू ओढत गेले. इतकं हळू की एक सेंटिमीटरला दहा-पंधरा सेकंद. वीस सेकंद ओढायचं, पुन्हा गरम करायचं. हा गोंद घट्ट मधासारखा वागतो. हळू ओढलं तर त्याला वाहायला वेळ मिळतो आणि तो कमी जोरात सुटतो, झटका दिला की तो एकदम कडक होतो आणि सगळा जोर रंगावर जातो. चकती पूर्ण निघायला अकरा मिनिटं लागली. रंगाला काही झालं नाही.

खिडकीखालच्या कच्च्या पट्ट्यातले दोन हुक मी याच वेगाने काढले, फक्त अजून हळू. एका बोटाने चकतीच्या पुढची भिंत हलकी दाबून ठेवली होती, म्हणजे रंग उचलू पाहतोय का ते बोटाला आधी कळतं. एका ठिकाणी बोटाखाली रंग फुगल्यासारखा वाटला, तिथे थांबले, दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि त्या जागेकडे शेवटी आले. तिथला तांदळाएवढा कण गेलाच. बाकी वाचलं.

शेपटीच्या पट्टीचे २ हुक सर्वांत सोपे असायला हवे होते. पट्टी खाली, भिंतीला समांतर, हळू ताणायची. ती रबरासारखी लांबत लांबत जाते, चांगली वीत-दीड वीत, आणि मग अचानक सुटते. पहिला असा निघाला, खूणही राहिली नाही. दुसऱ्याला मी नकळत हाताने हुक भिंतीवर दाबून धरला होता, त्यामुळे मधली पट्टी अडकली आणि शेपटी तुटली. हुक फक्त पडू नये इतका सैल धरायचा असतो. तुटलेल्याला मग गरम करून दोरीने कापावं लागलं, वीस मिनिटं गेली.

११ मे

टेबलाच्या ३ क्लिपा. लॅमिनेट सगळं सहन करतं. गरम करून कार्डाने काढल्या, राहिलेला गोंद स्पिरिटने पुसला. फक्त कडेच्या पट्टीच्या सांध्यात ओल जाऊ दिली नाही. पंधरा मिनिटांत तिन्ही झाल्या.

कपाटाच्या दारावर मात्र थांबून विचार केला. जुनं पॉलिश कशाचं आहे हे माहीत नव्हतं. दाराच्या खालच्या कडेला, जिथे कोणी बघत नाही, स्पिरिटचा एक थेंब टाकला. अर्ध्या मिनिटात जागा चिकट झाली आणि कापसाला तपकिरी रंग लागला. म्हणजे हे लाखेचं पॉलिश, ते स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. टेबलाप्रमाणे इथे स्पिरिट चोळलं असतं तर गोंदासकट पॉलिश गेलं असतं आणि लाकूड उघडं पडलं असतं.

लाख उष्णतेनेही लवकर नरम होते. म्हणून ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, फक्त १५ सेकंद, आणि काम दोरीने. हुकाखाली फोम होता म्हणून जमलं. भिंतीच्या मानाने दुप्पट वेळ दोरी चालवली, कारण फोम नीट मऊ झाला नव्हता, पण तो वेळ द्यायला मी तयार होते. उरलेला गोंद कोमट असताना वळला, शेवटचा थर टर्पेंटाइनने. लाखेवर टर्पेंटाइनचा परिणाम होत नाही, थेंब टाकून आधी बघितलं. हुकाच्या जागी पॉलिश आजूबाजूपेक्षा थोडं गडद दिसतं. तो डाग नाही. तीन वर्षं तिथे उजेड पोचला नव्हता, एवढंच. तो घासून काढता येत नाही, म्हणून हात लावला नाही.

१२ ते १६ मे: पोपड्याची दुरुस्ती

पहिल्या दिवशीची तळहाताएवढी जागा, चण्याएवढा आणि नखाएवढा खड्डा आणि तेलाचा डाग.

१२ तारखेला पोपड्याच्या कडेने धारदार ब्लेडने रेघ मारून सैल रंग काढला. कड घट्ट लागेपर्यंत काढत गेले, जागा दीडपट झाली. मन होत नाही, पण सैल कड तशीच ठेवली तर पुट्टीच्या ओलीने ती उचलते. नंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने कड उतरती केली.

मग माझी तिसरी मोठी चूक. भुसभुशीत पांढऱ्या जागेवर थेट पुट्टी भरली. संध्याकाळी वाळली, छान दिसली. १३ तारखेला घासायला गेले तर तिचा पापडासारखा तुकडा निघून आला, मागे पुन्हा पांढरी भुकटी. भुकटीवर पुट्टी बसते, पण खालच्या भिंतीला धरत नाही. शिवाय कोरडी जागा ओल्या पुट्टीतलं पाणी लगेच शोषून घेते. एक दिवस वाया.

पुन्हा सगळं काढलं, कोरड्या ब्रशने भुकटी झटकली, ओलसर फडक्याने टिपलं आणि आधी पातळ केलेला पाण्याचा प्रायमर मारला. तो आत शोषला जाऊन भुकटी बांधतो. वाळल्यावर बोट फिरवलं, बोट स्वच्छ राहिलं. ते पाहूनच पुढे गेले. १४ तारखेला पुट्टीचे दोन पातळ हात, मधे पाच तासांचं अंतर. एकच जाड हात दिला तर मधे तडे जातात. १५ तारखेला घासली, धूळ टिपली, वर प्रायमर. तेलाच्या डागावर काकांनी दिलेला डाग अडवणारा प्रायमर, दोनदा.

रंग देण्याआधी काकांनी खोलीतले दिवे बंद करायला लावले आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. "बघ आता," म्हणाले. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या तीन जागी गोंदाची पातळ, चकाकणारी फिल्म दिसली. "काका, यावर रंग मारला असता तर?" "रंग तिथे आक्रसतो. मधे डोळ्यासारखी भोकं पडतात, नाहीतर वाळून सोलपटतो. गोंदावर रंग कधीच मारायचा नाही." त्या तिन्ही जागा पुन्हा टर्पेंटाइन आणि साबणाने साफ केल्या.

१६ तारखेला रंग. घरमालकांकडे त्याच रंगाचा उरलेला डबा होता, म्हणून वाटलं ठिगळ दिसणार नाही. दिसलं. तीन वर्षांच्या भिंतीवर तोच रंग एक छटा गडद आणि स्वच्छ दिसतो. ठिगळाच्या कडा रोलरने पुसट करायचा प्रयत्न केला, त्याने फक्त ठिगळ मोठं झालं. शेवटी ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण रंगवली, दोन हात. दोन भिंतींमधला छटेचा फरक कोपऱ्यात डोळ्याला जाणवत नाही, कारण तिथे उजेडही बदलतो. हुकांच्या जागी राहिलेल्या फिक्या खुणाही त्याखाली गेल्या.

वेळेचा हिशेब लिहून ठेवते. काढण्याचं काम साधारण ११ तास. दुरुस्ती आणि रंग, वाळायचा वेळ सोडून, ९ तास. त्यातले ७ तास फक्त पहिल्या दिवशीच्या दहा सेकंदांचे.

१७ मे

बोळकंडीतला शेवटचा हुक. डिस्टेंपर असल्यामुळे साबण, टर्पेंटाइन, ओलं फडकं, सगळंच बाद. उष्णता कोरडी असते, म्हणून ती चालते. ३० सेकंद गरम केला, पुठ्ठे टेकवले, दोरीने फोम कापला. हुक दोन मिनिटांत हातात.

गोंदासाठी अंगठाही जपून वापरावा लागला, कारण डिस्टेंपर कोरड्या बोटालाही थोडं येतं. जोराने ढकललं की वळीच्या खालच्या बाजूला रंगाची भुकटी दिसायची. म्हणून वळायचं सोडून टिपायचं ठरवलं. आधीच्या दिवसांतली गोंदाची वळी ठेवली होती, ती डागावर सरळ दाबून हलकेच उचलत गेले, ढकलत नाही, घासत नाही. दर दहा-बारा टिपण्यांना वळी मळून नवी बाजू वर आणायची, कारण रंगाची भुकटी बसली की तिची पकड जाते. उरलेल्या अगदी पातळ थरासाठी पांढरा मऊ खोडरबर, कडेकडून, एकाच दिशेने. त्याचे कण ब्रशने झटकले. पंचवीस मिनिटं लागली. टॉर्च आडवा धरून पाहिला. गोंदाची चकाकी नाही, रंग किंचित फिकट झालेली बोटाएवढी जागा आहे. ती आहे तशी ठेवली आणि उद्या घरमालकांना स्वतःहून दाखवणार आहे.